हप्ता तोच, वाटणी दरमहा वेगळी

आर्थिक वर्ष संपलं की बँकेकडून गृहकर्जाच्या व्याजाचं प्रमाणपत्र येतं. एरवी वर्षभर हप्ता खात्यातून वळता झाल्याचा मेसेज तेवढा येत असतो, आणि तो बघून पुढे जायची सवय झालेली असते. प्रमाणपत्रावर मात्र त्या हप्त्यांची फोड असते. समजा, कुणी ३० लाख रुपयांचं कर्ज २० वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी घेतलं आहे. हप्ता बसतो २६,०३५ रुपये. पहिल्या बारा हप्त्यांत ३ लाख १२ हजारांच्या वर रक्कम जाते. प्रमाणपत्र सांगतं, त्यातले व्याजापोटी २,५२,७०९ आणि मुद्दलापोटी ५९,७०७ रुपये. दर महिन्याला सव्वीस हजार मोजूनही वर्षाअखेर डोक्यावर २९ लाख ४० हजारांचं कर्ज शिल्लकच.

हा कागद हातात पडला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: ‘बँक आधी आपलं व्याज वसूल करून घेते, मुद्दल मागे ठेवते.’ त्याच्याच जोडीला दुसरं वाक्य असतं: ‘पहिली दहा-बारा वर्षं व्याज देऊन झालं, आता कशाला लवकर फेडायचं?’ दोन्ही वाक्यं इतकी सर्वमान्य झाली आहेत की ती बँकेच्या काउंटरपलीकडूनही ऐकायला मिळतात. आणि दोन्ही चुकीची आहेत. बँक कोणत्याही महिन्यात फक्त त्याच महिन्याचं व्याज घेते, पुढच्या महिन्याचा एक रुपयाही आधी घेत नाही. मग सुरुवातीला व्याजाचा डोंगर का दिसतो? दर महिन्याला एकसारखीच रक्कम द्यायची अशी सोय आपण मागितलेली असते म्हणून. हिशेब मांडूनच पाहू.

साडेआठ टक्के हा वर्षाचा दर. त्याला बाराने भागलं की महिन्याचा दर येतो ०.७०८३ टक्के. पहिला महिना संपतो तेव्हा तुमच्याकडे बँकेचे पूर्ण ३० लाख रुपये महिनाभर राहिलेले असतात. त्यांचं महिन्याचं भाडं, म्हणजेच व्याज, झालं २१,२५० रुपये. तुम्ही दिले २६,०३५. भाडं भागवून उरले ४,७८५, आणि तेवढेच मुद्दलातून वजा झाले. आता शिल्लक २९,९५,२१५.

दुसऱ्या महिन्याचं व्याज या शिल्लक रकमेवर लागतं, मूळच्या ३० लाखांवर नाही. ते येतं २१,२१६ रुपये. गेल्या महिन्यापेक्षा ३४ रुपयांनी कमी. हप्ता तर तोच आहे, त्यामुळे हे वाचलेले ३४ रुपये आपोआप मुद्दलाच्या बाजूला जातात. मुद्दल फिटतं ४,८१९ रुपये. तिसऱ्या महिन्यात व्याज २१,१८२ आणि मुद्दल ४,८५३. घटत्या शिल्लकीवरचं व्याज म्हणतात ते एवढंच. यात कसलीही छुपी चाल नाही, आणि शालेय गुणाकार-भागाकारापलीकडे काही लागतही नाही.

पण या चौतीस रुपयांकडे जरा थांबून पाहायला हवं, कारण पुढच्या वीस वर्षांचं सगळं गणित त्यांच्यात दडलेलं आहे. या महिन्यात जेवढं मुद्दल फिटतं, त्यावरचं व्याज पुढच्या महिन्यापासून कायमचं वाचतं आणि ते पुन्हा मुद्दल फेडण्याच्या कामी येतं. म्हणजे हप्त्यातला मुद्दलाचा हिस्सा दरमहा बरोबर ०.७०८३ टक्क्यांनी वाढतो. हे चक्रवाढच आहे, फक्त यावेळी ते कर्जदाराच्या बाजूने चालतं. चक्रवाढीचा स्वभाव असा की सुरुवातीला ती जागची हलल्यासारखी वाटत नाही. या दराने रक्कम दुप्पट व्हायला साधारण ९८ महिने लागतात. पहिल्या हप्त्यातलं ४,७८५ रुपयांचं मुद्दल आठ वर्षं दोन महिन्यांनी ९,५५६ होतं, आणि आणखी तेवढ्याच काळाने १९,०८४. शेवटच्या, दोनशे चाळिसाव्या हप्त्यात तर व्याज उरतं जेमतेम १८३ रुपये. बाकीचे २५,८५२ रुपये मुद्दलाचे.

आता मधले टप्पे पाहा. पाच वर्षं संपतात तेव्हा १५ लाख ६२ हजार रुपये भरून झालेले असतात आणि त्यातून मुद्दल फिटलेलं असतं साडेतीन लाखांच्या जरा वर. दहा वर्षांनी, म्हणजे निम्मी मुदत सरल्यावर, भरणा ३१ लाख २४ हजारांवर गेलेला असतो. मूळ कर्जाइतके पैसे देऊन झालेले असतात आणि तरीही २१ लाख बाकी असतात. मूळ कर्ज निम्म्यावर, म्हणजे १५ लाखांवर यायला १६६ हप्ते लागतात, म्हणजे तेरा वर्षं दहा महिने. उरलेलं निम्मं कर्ज मात्र शेवटच्या सव्वासहा वर्षांच्या आतच संपतं. वीस वर्षांत एकूण ६२ लाख ४८ हजार भरले जातात, त्यातलं व्याज ३२ लाख ४८ हजार.

यातल्या कोणत्याही महिन्यात बँकेने त्या दिवशीच्या शिल्लक रकमेवरच्या व्याजापेक्षा जास्त काही घेतलेलं नाही. पहिल्या वर्षी व्याज जास्त आहे कारण पहिल्या वर्षी कर्ज जास्त आहे. सतराव्या वर्षी व्याज कमी आहे, कारण कर्ज कमी उरलं आहे. पाच वर्षांनी घर विकून कर्ज मिटवणाऱ्याला ‘आपण नुसतं व्याजच भरत बसलो’ असं वाटतं, ते या अर्थाने खरं आहे की त्याने पाच वर्षं २६ ते ३० लाख रुपये वापरले आणि तेवढ्याचंच व्याज दिलं.

मुद्दलाचा हिस्सा व्याजाच्या पुढे कधी जातो, हा प्रश्न बरेच जण विचारतात. या कर्जात तो क्षण १४३व्या हप्त्याला येतो, म्हणजे बारावं वर्ष संपता संपता. त्यातली गंमत अशी की हा क्षण कर्जाच्या रकमेवर अवलंबून नसतो, किती वर्षं भरून झाली यावरही नसतो. तो फक्त व्याजदरावर आणि किती हप्ते उरलेत यावर ठरतो. साडेआठ टक्के दर असेल तर शेवटचे ९८ हप्ते उरले की मुद्दल व्याजाला मागे टाकतं. कर्ज ३० लाखांचं असो की ९० लाखांचं. त्यामुळे हेच कर्ज आठ वर्षांच्या मुदतीने घेतलं तर पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दलाचा वाटा मोठा असतो. आणि तीस वर्षांच्या मुदतीने घेतलं तर? हप्ता २३,०६७ रुपयांवर येतो, म्हणजे महिन्याला तीन हजारांची सवड मिळते. पण पहिल्या महिन्याचं व्याज तेच २१,२५० असल्यामुळे मुद्दलाला मिळतात केवळ १,८१७ रुपये. तीन हजारांच्या त्या सवडीपायी एकूण भरणा ८३ लाखांवर जातो, वीस वर्षांच्या कर्जापेक्षा साडेवीस लाखांहून जास्त.

हा २६,०३५ चा आकडा येतो कुठून? बँका वापरतात ते सूत्र असं:

```
EMI = P × r × (1+r)^n ÷ ((1+r)^n − 1)
```

यात `P` म्हणजे कर्जाची रक्कम, `r` म्हणजे महिन्याचा दर (०.०८५ भागिले १२) आणि `n` म्हणजे हप्त्यांची संख्या, २४०. सूत्र पाहून दचकायचं कारण नाही, त्याचं काम एकच आहे: अशी एक रक्कम शोधायची, जी दरमहा दिली की २४०व्या हप्त्याला शिल्लक बरोबर शून्यावर येईल. ती किती काटेकोर असते ते पाहा. पैशांपर्यंत मोजला तर हप्ता २६,०३४ रुपये ७० पैसे आहे. त्याऐवजी कुणी गोळाबेरीज म्हणून २६,००० रुपयेच भरत राहिला, म्हणजे महिन्याला जेमतेम पस्तीस रुपये कमी, तर वीस वर्षांनी त्याच्या नावावर २१,७०० रुपयांच्या वर बाकी निघेल. चुकलेले पस्तीस-पस्तीस रुपये मिळून ८,३०० च्या आसपास होतात, बाकीचं त्यांच्यावर चढत गेलेलं व्याज. आणि कुणी २१,२५० रुपयेच भरले तर कर्ज शंभर वर्षांनीही ३० लाखच राहील. हप्त्यातल्या वरच्या त्या ४,७८५ रुपयांवर सगळी परतफेड तोललेली असते.

दर महिन्याला समान मुद्दल फेडायचं असं ठरवलं असतं, तर चित्र वेगळं दिसलं असतं. ३० लाख भागिले २४० म्हणजे महिन्याला १२,५०० रुपये मुद्दल, अधिक त्या महिन्याचं व्याज. पहिला हप्ता ३३,७५० रुपयांचा, पुढचा त्याहून ८८-८९ रुपयांनी कमी, असा उतरत उतरत शेवटचा १२,५८९ रुपयांचा. एकूण व्याज २५ लाख ६१ हजारांच्या आत, म्हणजे जवळपास सात लाखांनी कमी. यंत्रसामग्रीसाठी घेतलेल्या मुदत कर्जांत उद्योगधंद्यांना असे हप्ते ठरवून दिले जातात. पण पगारदार माणसाला नोकरीच्या सुरुवातीला, पगार कमी असताना ३३,७५० झेपत नाहीत, आणि पंचेचाळिशीत पगार वाढल्यावर हप्ता उतरत गेल्याचं त्याला विशेष कौतुक उरत नाही. म्हणून समान हप्ता आला. सुरुवातीला मुद्दलाला कमी मिळणं ही त्या सोयीची किंमत आहे.

मुद्दल आधी आणि व्याज नंतर, असा खराखुरा उलटा क्रमही आपल्याकडे आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या घरबांधणी अग्रिमात आधी मुद्दल जास्तीत जास्त १८० हप्त्यांत कापून घेतात आणि साठत गेलेलं व्याज त्यानंतर जास्तीत जास्त ६० हप्त्यांत. तिथे सरळव्याज असल्यामुळे हे जमतं. साठलेल्या व्याजावर पुन्हा व्याज चढत नाही. बँक ती सवलत देत नाही, त्यामुळे तिथे महिन्याचं व्याज महिन्यालाच चुकतं होतं.

‘फ्लॅट’ दराबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण दुचाकीच्या आणि घरगुती वस्तूंच्या कर्जात तो शब्द सर्रास कानावर पडतो. त्यात मुद्दल कितीही फिटलं तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरतात. आपलं कर्ज साडेआठ टक्के फ्लॅटने असतं तर हप्ता आला असता ३३,७५०. समान मुद्दलाच्या पद्धतीतला पहिला, सगळ्यात मोठा हप्ता जणू वीस वर्षांसाठी गोठवून ठेवला. दोन कर्जांचे दर शेजारी ठेवून तुलना करताना एक फ्लॅट आणि दुसरा घटत्या शिल्लकीचा असेल तर ती तुलनाच फोल ठरते.

इथवर दर कायम साडेआठ टक्के धरला. प्रत्यक्षात तो तसा राहत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी जोडावी लागतात, आणि बहुतेक बँकांनी त्यासाठी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर निवडला. रेपो हलला की कर्जाचा दर हलतो. पण तुमच्या खात्यातून जाणारा हप्ता बहुधा हलत नाही, कारण बँक हप्ता तसाच ठेवून मुदत बदलते. ऐकायला हे सौम्य वाटतं. आपल्या कर्जात पहिल्याच महिन्यात दर साडेआठचा साडेनऊ झाला असं धरा. व्याज होतं २३,७५० आणि मुद्दलाला उरतात ४,७८५ ऐवजी २,२८५ रुपये. एक टक्का वाढला आणि मुद्दलाचा वाटा निम्म्याहून खाली आला. हप्ता न वाढवता हे कर्ज संपायला २४० ऐवजी ३०९ हप्ते लागतील, म्हणजे पावणेसहा वर्षं जास्त. त्याऐवजी हप्ता १,९२९ रुपयांनी वाढवून २७,९६४ केला तर मुदत वीस वर्षांचीच राहते. दोन्ही वाटांच्या एकूण भरण्यात १३ लाखांच्या वर फरक पडतो. कर्ज नवं असताना हा धक्का सर्वांत मोठा असतो, कारण तेव्हा मुद्दलाचा हिस्सा मुळातच बारीक असतो. पंधरा वर्षं झालेल्या कर्जात हप्त्यातले १७ हजार मुद्दलाला जात असतात. तिथे एक टक्क्याने साधारण हजारभर रुपये इकडचे तिकडे होतात, मुदत थोडीच लांबते.

दर आणखी चढून १०.४१ टक्क्यांच्या वर गेला, तर पहिल्या महिन्याचं व्याजच २६,०३५ च्या पुढे जातं. पूर्ण हप्ता भरूनही कर्ज वाढायला लागतं. ही काही कागदावरची कल्पना नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. त्याच्या जरा आधी पावणेसात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी ३० लाख घेतलेल्याचा हप्ता होता २२,८११. अडीच टक्क्यांची सगळी वाढ त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा दर झाला सव्वानऊ. तोवर मुद्दल साडेएकोणतीस लाखांवर आलं असं धरलं तरी महिन्याचं व्याज २२,७४० रुपये. मुद्दलाला उरले ७१. त्या हप्त्याने कर्ज फिटायला साठहून अधिक वर्षं लागली असती. बँकांनी मग निवृत्तीच्या वयापर्यंत मुदत ताणली आणि पुढे हप्ते वाढवले. अनेक कर्जदारांना मुदत लांबल्याचं कळलंही नव्हतं, कारण हप्त्याचा मेसेज पूर्वीसारखाच येत होता.

यावर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सूचना काढली. दर बदलून हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर ते कर्जदाराला कळवायचं. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की थोडं थोडं दोन्ही, हे निवडायची संधी त्याला द्यायची. मुदत वाढवताना महिन्याचं व्याजही भागणार नाही अशी वेळ येऊ द्यायची नाही. आणि दर तिमाहीला एक पत्रक द्यायचं, ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल व व्याज, सध्याचा हप्ता आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या लिहिलेली असेल. पुढे फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो एक टक्क्याने उतरला, तेव्हा हीच यंत्रणा उलट्या दिशेने फिरली. हप्ता तोच राहिला आणि मुद्दलाचा वाटा वाढला. दर उतरल्यावर हप्ता कमी करून घ्यायचा मोह होतो. तो आवरता आला तर मुदत झपाट्याने आत येते.

आता ते दुसरं वाक्य: व्याज देऊन झालं, आता लवकर कशाला फेडायचं. पहिल्या वर्षाच्या अखेरीला कुणी हातातले एक लाख रुपये कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे अठरा हप्ते गळून पडतात. वाचतात ४ लाख ७० हजार. घातलेले एक लाख वजा केले तर व्याजातली निव्वळ बचत ३ लाख ७० हजार. तेच एक लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर पावणेसहा हप्ते वाचतात आणि निव्वळ बचत होते ५० हजारांची. हे आकडे शेजारी ठेवले की पहिलं सोनं आणि दुसरं पितळ वाटतं. पण पहिल्या लाखाला काम करायला जवळजवळ साडेसतरा वर्षं मिळाली, दुसऱ्याला साडेचार. दोन्हींवर मिळालेला परतावा साडेआठ टक्केच आहे. पंधराव्या वर्षी शिल्लक असलेल्या पावणेतेरा लाखांवर व्याज त्याच दराने लागत असतं, ते ‘देऊन झालेलं’ नसतं. त्या वेळी हातात आलेला पैसा कर्जात घालायचा की दुसरीकडे, हे ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: दुसरीकडे कर वजा जाता आणि तितक्याच खात्रीने साडेआठहून जास्त मिळणार आहेत का?

इथे एका ठिकाणी हमखास पाय घसरतो. जादा रक्कम भरल्यावर बँक दोनपैकी एक करू शकते: हप्ता तोच ठेवून मुदत कमी, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी. पहिल्या वर्षाअखेरच्या त्या एका लाखाने हप्ता कमी करून घेतला तर तो महिन्याला ८८५ रुपयांनी उतरतो, आणि उरलेल्या १९ वर्षांत व्याजाची बचत होते साधारण १ लाख. मुदत कमी करून घेतली तर ३ लाख ७० हजार. म्हणून अर्जात ‘हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी’ असं स्पष्ट लिहून द्यावं. तिसरीही शक्यता असते आणि ती सर्वांत वाईट: जादा रक्कम पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला पडून राहते, मुद्दलातून वजाच होत नाही. हे ओळखणं सोपं आहे. साडेआठ टक्क्यांच्या कर्जात एक लाख मुद्दलातून खरोखर वजा झाले असतील, तर पुढच्या पूर्ण महिन्याचं व्याज सुमारे ७०८ रुपयांनी उतरलेलं दिसलं पाहिजे. नेहमीसारखं चाळीस रुपयांच्या आतबाहेर उतरलं असेल, तर पैसे मुद्दलात पोचलेले नाहीत. व्यक्तींनी घेतलेल्या तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल बँकेला दंड आकारता येत नाही, २०१२ पासून तशी मनाई आहे. स्थिर दराच्या कर्जात मात्र मंजुरीपत्रातली अट वाचून घ्यावी.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतलेल्यांसाठी हिशेबात आणखी एक अंक सुरुवातीलाच असतो. बँक पैसे टप्प्याटप्प्याने बिल्डरला देते आणि ताबा मिळेपर्यंत दिलेल्या रकमेवर फक्त व्याज घेते. १२ लाख दिले गेले असतील तर महिन्याला ८,५०० रुपये. ते हप्त्यासारखेच खात्यातून जातात, पण मुद्दलाला त्यातला रुपयाही लागत नाही, आणि २४० ची मोजणी तेव्हा सुरूही झालेली नसते. प्रकल्प दोन वर्षं रखडला तर दोन वर्षांचं असं व्याज एकूण खर्चात वेगळं धरावं लागतं. काही बँका पहिल्या टप्प्यापासून पूर्ण हप्ता सुरू करू देतात. झेपत असेल तर तो बरा.

स्वतःचं कर्ज तपासायचं तर बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून खातेउतारा काढा आणि संगणकावर एक्सेल उघडा. पुढच्या तीन ओळींत अनुक्रमे हप्ता, १४३व्या हप्त्यातलं व्याज आणि त्याच हप्त्यातलं मुद्दल मिळतं. आकडे आपल्या कर्जाप्रमाणे बदलून घ्यायचे.

```
=PMT(8.5%/12, 240, -3000000)
=IPMT(8.5%/12, 143, 240, -3000000)
=PPMT(8.5%/12, 143, 240, -3000000)
```

उताऱ्यातलं व्याज याच्याशी तंतोतंत जुळणार नाही, त्याने बिथरून जाऊ नका. बऱ्याच बँका रोजच्या शिल्लकीवर, महिन्याच्या दिवसांप्रमाणे व्याज मोजतात. ३० लाखांवर ३१ दिवसांच्या महिन्याचं व्याज २१,६५८ येतं, फेब्रुवारीच्या २८ दिवसांचं १९,५६२. वर्षाचा मेळ घातला की फरक किरकोळ राहतो. तो महिन्यागणिक एकाच बाजूला झुकत असेल, तर मात्र दर आपल्याला वाटतो तोच आहे का हे पाहावं. जुन्या, विशेषतः गृहवित्त कंपन्यांच्या कर्जांत आणखी एक गोष्ट तपासावी: मुद्दल दरमहा वजा होतं की वर्षातून एकदाच. वर्षाअखेर वजा करायच्या पद्धतीत, तोच साडेआठ टक्के दर असूनही आपला हप्ता २६,४१८ रुपये आला असता, महिन्याला ३८३ जास्त. कारण जानेवारीत फिटलेल्या मुद्दलावरही डिसेंबरपर्यंत व्याज चालू राहतं.

तिमाही पत्रकात मात्र एकच आकडा आधी शोधावा, उरलेल्या हप्त्यांचा. मागच्या पत्रकातल्यापेक्षा तो बरोबर तीनने कमी असेल तर दर जागच्या जागी आहे. तीनहून जास्त उतरला असेल तर दर घटला किंवा तुमचा जादा भरणा मुद्दलात जमा झाला. आणि तीन हप्ते भरूनही तो आकडा तिथेच असेल किंवा वर चढला असेल, तर दर वाढवून बँकेने मुदत लांबवली आहे. अशा वेळी शाखेत जाऊन, मुदत पूर्ववत ठेवायची तर हप्ता किती होईल, हा आकडा लेखी मागावा.